उंटूची मान

मुलांनो, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहा. सेकंदकाटा बारावर आला, की तो सहावर पोहोचेपर्यंत काहीही बोलू नका. नुसते पाहत राहा.

पोहोचला? एवढा वेळ म्हणजे तीस सेकंद. गप्प बसायचे म्हटले, की हा वेळ फार मोठा वाटतो. पण एखादी गोष्ट सांगायची म्हटली, तर तो किती लहान आहे हे लगेच कळते. सावकाश आणि स्पष्ट वाचणारा माणूस एका सेकंदात साधारणपणे दोन शब्द वाचतो. म्हणजे तीस सेकंदांत साठ शब्द. तेही मध्ये कुठे श्वास न घेता!

दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये कधी कधी हलत्या चित्रांचा छोटासा संदेश दिसतो. चित्रातला प्राणी चालतो, बोलतो, काहीतरी गंमत करतो आणि निघून जातो. अशा चित्रांना ॲनिमेशन म्हणतात. आज आपण असाच एक तीस सेकंदांचा संदेश लिहायचा आहे. विषय आहे रस्ता ओलांडणे. मात्र हा संदेश आपल्या गावासाठी नाही. तो आहे ओमान देशातल्या रुसैलसाठी.

ओमान हा अरबी समुद्राच्या पलीकडचा देश. मुंबईहून विमानाने तीन तासांच्या आत त्याच्या राजधानीत, मस्कतला, पोहोचता येते. मस्कतजवळच रुसैल आहे. तिथे कारखान्यांची मोठी वसाहत आहे आणि निझवा या जुन्या शहराकडे जाणारा महामार्ग तिथूनच जातो. त्यामुळे त्या भागात मालमोटारींची वर्दळ असते. नोकरीसाठी ओमानला गेलेली अनेक भारतीय कुटुंबे मस्कत आणि आसपास राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

आता समजा, तुमची मावशी रुसैलला राहायला गेली आहे. तिच्याबरोबर तुमची सहा वर्षांची मावसबहीणही आहे. तिच्यासारख्या मुलांसाठी मावशीने तुमच्याकडे संदेश मागितला आहे. तुम्ही काय लिहाल?

तुम्ही म्हणाल, "सोपं आहे! रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहा, मग डावीकडे पाहा, पुन्हा उजवीकडे पाहा आणि मग जा." शाळेत आपण हेच शिकलो. आपल्या गावी हे अगदी बरोबर आहे. रुसैलला मात्र हे चुकीचे आहे.

असे का? आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. तुम्ही कडेला रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलात, की तुमच्या अगदी जवळून जाणारी गाडी तुमच्या उजव्या हाताकडून येते. म्हणून आधी उजवीकडे पाहायचे. ओमानमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तिथे जवळची गाडी डाव्या हाताकडून येते. साताऱ्याहून गेलेली मुलगी सवयीने उजवीकडे पाहील, रस्ता मोकळा दिसेल आणि ती पाऊल टाकील. त्याच वेळी डावीकडून गाडी अगदी जवळ आलेली असेल. वहीवर रस्ता काढून, आगपेटीच्या दोन पेट्यांच्या गाड्या करून हे एकदा खेळून पाहा. वाचून जे लक्षात येत नाही, ते पेट्या सरकवताना चटकन कळते.

अशी सवय बदलणे मोठ्या माणसांनाही सोपे नसते. स्वीडन देशात पूर्वी वाहने डाव्या बाजूने चालत. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता साऱ्या देशातली वाहने उजव्या बाजूला आली. त्याआधी कित्येक महिने तिथल्या लोकांना नवा नियम शिकवला जात होता. तुमच्या मावसबहिणीने तर एका विमानप्रवासात रस्त्याची बाजू बदलली. तिला कुणी शिकवले?

तेव्हा आपल्या संदेशाचा धडा ठरला : आधी डावीकडे पाहा.

एवढाच. लिहायला बसले, की आणखी पुष्कळ चांगल्या गोष्टी सुचतात. चेंडूमागे धावू नका, मोटारीत पट्टा बांधा, उभ्या गाड्यांमधून अचानक बाहेर येऊ नका. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत. पण तीस सेकंदांत पाच गोष्टी सांगितल्या, तर एकेकीच्या वाट्याला सहाच सेकंद येतात आणि शेवटी लक्षात एकही राहत नाही. सुचलेल्या बाकीच्या गोष्टी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. त्यांचे वेगळे संदेश होतील.

आता हा धडा कोणाकडून करून घ्यायचा? मुलांना रस्त्याचे नियम शिकवायला प्राण्याचे पात्र घेण्याची पद्धत जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९५३ साली टफ्टी नावाची खार याच कामासाठी तयार झाली. पुढे कितीतरी मुले तिच्या गोष्टी ऐकत, पाहत मोठी झाली. आपण कोणता प्राणी घ्यावा? ससा? मांजर? जरा विचार करा. आपल्या धड्यात करायचे काय आहे? मान वळवायची आहे. मग ज्याची मान सर्वांत ठसठशीत दिसते, असा प्राणी घेऊ. ओमानमध्ये तो घरचाच आहे. उंट! उंटाचे छोटे पिल्लू घेऊ आणि त्याला नाव देऊ उंटू. खऱ्या उंटाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्यामुळे मान फार न वळवताही त्याला दोन्हीकडचे पुष्कळ दिसते. पण आपला उंटू चित्रातला आहे. तो मान वळवील, आणि चांगली लांबवर वळवील.

येथे एक गंमत आहे आणि तिच्यातच मोठी चूक लपलेली आहे. तुमच्या मित्राला समोर उभे करा. तुमच्याकडे तोंड करून त्याला डावा हात वर करायला सांगा. तो हात तुमच्या कोणत्या बाजूला दिसला? उजव्या! आता उंटूचे चित्र असे काढले, की तो आपल्याकडे तोंड करून उभा आहे, तर त्याने डावीकडे मान वळवली की पाहणाऱ्याला ती उजवीकडे वळलेली दिसेल. कानांना ऐकू येणार 'डावी' आणि डोळ्यांना दिसणार उजवी. लहान मुले कानांपेक्षा डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवतात. सगळा संदेश उलटा शिकला जाईल.

यावर उपाय सोपा आहे. उंटूला पाठीमागून दाखवायचे. त्याची शेपटी आपल्याकडे आणि तोंड रस्त्याकडे. मग त्याची डावी ती आपली डावी. मान वळली, की त्याचा चेहरा बाजूने दिसेल, डोळाही दिसेल. समोर आडवा रस्ता दिसेल. उंटू जे पाहतो, ते आपणही पाहू.

कोणी म्हणेल, "एवढा खटाटोप कशाला? आपल्याकडचाच जुना संदेश घ्यावा आणि आरशात दिसतो तसा उलटा करावा!" तसे करता येते, पण मग गाडीच्या पाटीवरचे आकडे उलटे होतील, दुकानांवरची अक्षरेही उलटी होतील. आणि आवाज तर 'उजवी'च म्हणत राहील. त्यापेक्षा नवीन लिहिणे बरे.

आता कागद घ्या. त्यावर सहा चौकटी आखा. प्रत्येक चौकटीत एक चित्र काढायचे, खाली त्या वेळी ऐकू येणारे शब्द लिहायचे आणि कोपऱ्यात सेकंद लिहायचे. ॲनिमेशन करणारे लोक काम सुरू करण्यापूर्वी असाच कागद तयार करतात. त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. चित्रे सुबक नसली तरी चालतात. रेघोट्यांचा उंट पुरे.

पहिल्या चौकटीत रुसैलची एक आतली गल्ली दिसते. मागे उघडे, तपकिरी डोंगर. उंटू दुकानातून घरी निघाला आहे. त्याच्या पाठीवर खुबूसचे पुडके आहे. खुबूस म्हणजे अरबी देशांतली मऊ, गोल रोटी. आवाज म्हणतो, "उंटू निघाला घरी, पाठीवर गरम खुबूस." याला चार सेकंद दिले. गल्ली मुद्दाम घेतली आहे. महामार्ग दाखवला, तर लहान मुलांना तो एकट्याने ओलांडता येतो असे वाटेल. महामार्गावर नुसती मान वळवून भागत नाही.

दुसऱ्या चौकटीत फक्त उंटूचे पाय. ते रस्त्याच्या कडेशी येतात आणि थांबतात. टप्, टप्, टप्... थांबले. तीन सेकंद. येथे एकही शब्द नाही. थांबणे डोळ्यांना दिसले, की ते तोंडाने सांगावे लागत नाही.

तिसरी चौकट सर्वांत मोठी. तिला नऊ सेकंद दिले आहेत. पाठमोरा उंटू मान डावीकडे वळवतो. आवाज म्हणतो, "डावी..." रस्ता मोकळा आहे. मान उजवीकडे जाते. "उजवी..." तिकडेही कोणी नाही. मान परत डावीकडे येते. "पुन्हा डावी..." आणि मघाशी जिथे काहीच नव्हते, तिथून एक पांढरी मोटार येते आणि डावीकडून उजवीकडे निघून जाते. उंटू जागचा हलत नाही.

ही मोटार का आणली, ते सांगतो. दुसऱ्यांदा डावीकडे का पाहायचे, असा प्रश्न तुमच्याही मनात कधीतरी आला असेल. तासाला साठ किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे येते. तुम्ही उजवीकडे पाहण्यात दोन सेकंद घालवलेत, तेवढ्यात ती तेहतीस मीटर जवळ आली. क्रिकेटच्या खेळपट्टीवरचे यष्टी ते यष्टी अंतर वीस मीटर असते, म्हणजे हे त्याच्या दीडपटीहून जास्त झाले. ही बेरीज संदेशात सांगता येणार नाही; मोटार मात्र दाखवता येते. मोटार दाखवली नाही, तर मुलांना मान वळवणे हा नुसता व्यायाम वाटेल. म्हणूनच मान पंख्यासारखी भराभर फिरवू नका. प्रत्येक बाजूला ती क्षणभर थांबली पाहिजे, तरच उंटू पाहतो आहे असे दिसेल.

चौथी चौकट चार सेकंदांची. मोटार गेली. उंटू पुन्हा तिन्ही बाजूंना पाहतो आणि आवाज गातो,

"डावी, उजवी, पुन्हा डावी,
वाट मोकळी तरच जावी!"

हे दोन चरण मोठ्याने म्हणा. 'डावी' आणि 'जावी' यांचे यमक जुळते, म्हणून ते जिभेवर बसतात. मान वळण्याचा आणि शब्दांचा ताल एकच आहे, हेही तुमच्या लक्षात आले असेल.

पाचव्या चौकटीत उंटू रस्ता ओलांडतो. धावत नाही, चालतो. चार सेकंद, शब्द नाहीत.

आता शेवट. शेवट असा हवा, की पाहणारा हसेल आणि दुसऱ्या दिवशी मित्राला सांगेल. पहिल्यांदा वेगळाच शेवट सुचला होता. उंटू पलीकडे पोहोचतो आणि त्याची लांब मान झाडाच्या फांद्यांत अडकते! चित्र मजेदार होते. पण हसून झाल्यावर मुलांना काय आठवले असते? झाड. डावी-उजवी विसरून गेली असती. अशा गमतीने संदेश फुकट जातो. हसू धड्यातूनच यायला हवे.

म्हणून सहावी चौकट अशी लिहिली. उंटू घरी पोहोचला. दार उघडे आहे. तो उंबरठ्याशी थांबतो, पुन्हा पाठमोरा. आणि घरात शिरण्यापूर्वी मान वळवतो : डावीकडे, उजवीकडे... आतून आई हसून म्हणते, "अरे, हा रस्ता नाही, घर आहे!" उंटू मान पुन्हा डावीकडे वळवतो, आणि तेवढ्यात धाकट्या बहिणीची चावीची मोटार डावीकडून भुर्रकन त्याच्या नाकासमोरून जाते. उंटू आपल्याकडे वळून पाहतो. संपले. सहा सेकंद.

बेरीज करा : चार, तीन, नऊ, चार, चार आणि सहा. बरोबर तीस. आता शब्द मोजा. सगळे मिळून चोवीस! साठ शब्दांची जागा होती, तरी आपण निम्मीसुद्धा वापरली नाही. उरलेल्या जागेत पावलांचा, मोटारीचा आणि चावीच्या खेळण्याचा आवाज बसला. शब्द थोडे असल्याचा आणखी एक फायदा आहे. रुसैलला अरबी बोलणारी मुले आहेत, मल्याळम बोलणारी आहेत, मराठी बोलणारीही आहेत. चित्रे तशीच ठेवून चोवीस शब्द तेवढे बदलायचे.

कागद तयार झाला, की तो चित्रकाराकडे जातो आणि मग खरे कष्ट सुरू होतात. दूरदर्शनच्या पडद्यावर एका सेकंदात पंचवीस चित्रे झरझर बदलतात, म्हणून ती हलताना दिसतात. तीस सेकंदांसाठी किती चित्रे लागतील? सातशे पन्नास! पण चित्रकारांनी यात एक युक्ती शोधली आहे. ते एकच चित्र लागोपाठ दोनदा दाखवतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही आणि निम्मी चित्रे, म्हणजे तीनशे पंचाहत्तर, पुरतात. शिवाय तिसऱ्या चौकटीत उंटूचे धड हलतच नाही. पूर्वी अशा वेळी धड एकदाच काढत आणि मान वेगळ्या पारदर्शक कागदावर काढून त्यावर ठेवत. मग फक्त मानेची चित्रे बदलत. आता संगणकावरही असेच एकावर एक थर ठेवतात. स्थिर चित्र चित्रकाराचे श्रम वाचवते. आपल्याला तर उंटू थांबलेलाच हवा होता!

मात्र चित्रकाराकडे कागद देण्याआधी एक परीक्षा घ्या. तुमच्यापेक्षा लहान अशा एखाद्या मुलाला सहाही चौकटी क्रमाने दाखवा आणि खालचे शब्द वाचा. एक मोठे माणूस घड्याळ धरील. मग पुस्तक मिटा आणि विचारा, "उंटूनं काय केलं?" मूल म्हणाले, "त्यानं खुबूस आणला," तर पहिली चौकट फार मोठी झाली आहे. ती छोटी करा. मूल म्हणाले, "त्याच्यासमोरून खेळण्यातली गाडी गेली," तर आणखी एक प्रश्न विचारा, "कुठून आली रे?" आणि उत्तर देण्याआधी त्या मुलाची मान आपोआप डावीकडे वळली, तर कागद मावशीला पाठवून द्या.

स्वाध्याय

१. उंटूला पाठमोरा का दाखवला आहे? दोन मित्रांना उभे करून वर्गात दाखवा.

२. चौथ्या चौकटीत 'डावी' आणि 'जावी' यांचे यमक आहे. आपल्या गावासाठी पहिला चरण 'उजवी, डावी, पुन्हा उजवी' असा होईल. त्याला जुळणारा दुसरा चरण तयार करा. 'जावी' आता चालेल का?

३. आपल्या गावासाठी संदेश लिहिताना पांढरी मोटार आणि चावीची मोटार कोणत्या बाजूने येतील? सहाही चौकटी नव्याने काढा.

४. वहीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या गोष्टींपैकी एक निवडा. तिच्यासाठी कोणता प्राणी घ्याल? त्याच्या शरीराचा कोणता भाग तुमच्या उपयोगी पडेल?